द्राक्षाच्या चार फोडी, दाण्याचं कूट

ती. काकूंना सा. न.

सोमवारपासून चिनू तुमच्याकडे नाशिकला राहणार. सध्या द्राक्षांचे दिवस आहेत आणि तुमच्या घरी दाण्या-फुटाण्यांचा डबा कायम भरलेला असतो. त्याला दोन्ही आवडतं. जरूर द्या, फक्त अख्खं देऊ नका.

तो दीड वर्षाचा आहे. पुढच्या दातांनी तो चावा घेतो, पण घास बारीक करणाऱ्या सगळ्या दाढा अजून आलेल्या नाहीत. द्राक्ष गोल आणि गुळगुळीत. न चावताच घशात सरकतं आणि बाटलीला बूच बसावं तसं घट्ट बसतं. मग मुलाला खोकता येत नाही, रडताही येत नाही. तुम्ही शेजारच्या खोलीत असाल तरी कळणार नाही.

दाण्याचं वेगळं. त्याचा तुकडा श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या नळीत जाऊ शकतो. मूल जोरात खोकतं, मग शांत होतं. आपल्याला वाटतं, निघाला. तो आत फुगतो आणि काही दिवसांनी खोकला, ताप, छातीत सूं-सूं सुरू होते. दाणे खाताना असा ठसका लागला, तर मूल खेळायला लागलं तरी डॉक्टरांकडे न्या आणि दाणा खाल्ल्याचं आवर्जून सांगा. एक्स-रेत तो दिसेलच असं नाही.

म्हणून एवढं करा.

द्राक्ष उभं चिरा, प्रत्येक अर्ध पुन्हा उभं चिरा. आडवं चिरलं तर गोल चकत्याच होतात. बी असेल तर काढा.

शेंगदाणे, काजू, बदाम यांचं बारीक कूट करून भातात किंवा खिरीत घाला. फुटाण्यांचंही पीठच द्या. चिक्की आणि अख्खे काजू घातलेला लाडू नको.

खाताना त्याला बसवा आणि जवळ थांबा. पळताना किंवा हसवत भरवू नका. येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही सांगा, हातावर दाणे ठेवू नका. पाच वर्षांचा होईपर्यंत हाच नियम.

तरीही अडकलंच, तर आधी बघा. जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. त्याला पुढे वाकवा आणि तळहाताच्या टाचेने दोन खांद्यांच्या मधे पाच जोरकस थापा मारा. नाही निघालं, तर मागून कवेत घ्या, बेंबीच्या वर मूठ ठेवा आणि आत-वर असे पाच झटके द्या. निघेपर्यंत हे दोन्ही आलटून-पालटून करा. तो निपचित पडला तर फोनवर सांगतील तसं छाती दाबायला लागा. निघालं तरी डॉक्टरांना दाखवाच, पोटाला आतून इजा झालेली असू शकते. घशात आंधळेपणाने बोट घालू नका. अडकलेलं आणखी खाली जातं.

तुमची,
स्मिता