पित्ताची गोळी सुरू कोणी केली आणि बंद कोण करणार?

सकाळी चहाच्या आधी 'पित्ताची गोळी' घ्यायची, हा आता अनेक घरांतला नेम झाला आहे. ती कशासाठी आणि किती दिवस घ्यायची, असे विचारले की उत्तर येते, "डॉक्टरांनी दिली होती." कधी? "झाली चार-पाच वर्षे." माझे म्हणणे स्पष्ट आहे. ज्या गोळीचे कारण कोणालाच सांगता येत नाही, ती वर्षानुवर्षे चालू ठेवू नये.

स्ट्रिपवरचे नाव वाचा. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल अशी शेवटी 'प्राझोल' असलेली ही औषधे जठरातले आम्ल तयार करणारे पंपच बंद पाडतात. अल्सर किंवा अन्ननलिकेचा दाह यांवर ती उत्तम आहेत, पण बहुतेकांना चार ते आठ आठवडे पुरतात. पोट फुगणे आणि ढेकर यांच्याशी आम्लाचा अनेकदा संबंधच नसतो.

तुम्ही म्हणाल, "पण डॉक्टर, बंद केली की जळजळ होते. म्हणजे मला ती लागतेच!" इथेच फसगत होते. आम्ल कमी झाले की शरीर गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक वाढवून जठराला अधिक आम्ल तयार करायला सांगत राहते. गोळी अचानक थांबवली की हे साठलेले बळ उसळून वर येते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात पित्ताचा कोणताही त्रास नसलेल्या निरोगी लोकांना आठ आठवडे ही गोळी देऊन ती थांबवली, तेव्हा त्यांच्यापैकी ४४ टक्के लोकांना आम्लाचा त्रास सुरू झाला. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे बंद केल्यावर होणारी जळजळ हा मूळ आजाराचा पुरावा नाही.

"घेत राहिलो तर काय बिघडते?" एक उदाहरण सांगतो. चौसष्ट वर्षांच्या एका काकूंना गुडघेदुखीच्या दहा दिवसांच्या गोळ्यांबरोबर पँटोप्राझोल ४० दिले होते. वेदनाशामक थांबले, पित्ताची गोळी सहा वर्षे चालू राहिली. शिवाय रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध होतेच. रात्री पोटऱ्यांत गोळे येत, ओठांभोवती मुंग्या येत, छातीत धडधडे. कॅल्शियम कमी निघाले म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या, पण फरक पडेना. मग मॅग्नेशियम तपासले. ते साधारण १.७ च्या वर हवे, ते होते ०.९. मॅग्नेशियम फार घसरले की शरीराला कॅल्शियम आणि पोटॅशियमही टिकवता येत नाही. शिरेतून मॅग्नेशियम दिले, पित्ताची गोळी बंद केली, आणि मग बाकीचे आकडेही सावरले. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी याबद्दल २०११ सालीच इशारा दिला आहे. असे होणे विरळ आहे, पण ते बहुधा वर्षाहून अधिक काळ गोळी घेणाऱ्यांत दिसते. नेहमीच्या रक्ततपासणीत मॅग्नेशियम नसते, ते मुद्दाम सांगून करावे लागते.

दुसरी गोष्ट बी-१२ ची. अन्नातले बी-१२ सुटे व्हायला आम्ल लागते. शाकाहारी व्यक्ती, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि वर रोजची ही गोळी, असे तिन्ही जुळले तर तळपायांच्या मुंग्यांचे खापर साखरेवर फोडण्याआधी बी-१२ तपासा.

पण हे वाचून उद्याच गोळी फेकू नका. अल्सरमधून रक्तस्राव झालेले, अ‍ॅस्पिरिनबरोबर रक्त पातळ करणारे दुसरे औषध घेणारे, रोज वेदनाशामक लागणारे वयस्कर आणि अन्ननलिकेला गंभीर इजा झालेले रुग्ण यांना ती खरोखरच लागते. तिथे बंद करण्याचा धोका मोठा आहे. वजन घटणे, गिळताना अडकणे किंवा काळी शौच होत असेल, तर आधी तपासणी.

बाकीच्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून ती टप्प्याटप्प्याने उतरवावी. ४० ची २० करायची, दोन ते चार आठवड्यांनी एक दिवसाआड, मग फक्त गरजेपुरती. मधल्या काळात जळजळ झाली तर पातळ अँटासिड किंवा फॅमोटिडिन चालते. ती जळजळ सहसा काही आठवड्यांत ओसरते. रात्री झोपण्याच्या तीन तास आधी जेवलात, तर हे दिवस सोपे जातात.

पुढच्या वेळी चिठ्ठीवर 'चालू ठेवा' असे लिहून मिळाले, तर दोनच प्रश्न विचारा: कशासाठी, आणि कधीपर्यंत? याचे उत्तर देणे आम्हा डॉक्टरांचे कामच आहे.