गिलाव्याचा निवाडा पाण्यापासून सुरू व्हावा

नाशिकमध्ये आज घर बांधणाऱ्यासमोर आणि फ्लॅट घेणाऱ्यासमोर दोन ठाम मते मांडली जातात. पहिले मत असे की जिप्समचा गिलावा हाच आधुनिक गिलावा आहे. तो आरशासारखा सपाट येतो, त्याला पाणी मारावे लागत नाही आणि तो कधी तडकत नाही. दुसरे मत जुन्या गवंड्यांचे आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणाऱ्या घरमालकांचे. त्यांच्या मते जिप्सम म्हणजे खडू, पावसाळ्यात तो विरघळणारच, म्हणून वाळू-सिमेंटशिवाय दुसरा गिलावा घरात येऊ देऊ नये. दोन्ही बाजूंनी अर्धे खरे सांगितले जाते आणि दोन्ही बाजू एकच चूक करतात: त्या सगळ्या घरासाठी एक उत्तर मागतात. माझे म्हणणे असे की गिलावा घरासाठी निवडायचा नसतो, भिंतीसाठी निवडायचा असतो. तो निवडताना पहिला प्रश्न ओलीचा, दुसरा तड्यांचा आणि शेवटचा फिनिशिंगचा असावा. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा लागतो, आणि भिंती बिघडण्याचे मोठे कारण तेच आहे.

फिनिशिंगपासून सुरुवात करतो, कारण जिप्समची बाजू तिथे सर्वांत भक्कम दिसते. जिप्सम एकाच थरात 12 मिलिमीटरपर्यंत चढतो, अर्ध्या तासाच्या आसपास घट्ट होतो आणि पट्टी फिरवली की गुळगुळीत पृष्ठभाग देतो. शेजारी वाळू-सिमेंटची उघडी भिंत दाखवली की कुणीही जिप्समच निवडेल. पण ही तुलनाच सदोष आहे. वाळू-सिमेंटच्या भिंतीवर आपण थेट रंग देत नाही. पूर्वी तिच्यावर नीरूचा हात फिरे, आता पुट्टीचे दोन हात देऊन पॉलिश पेपर मारतात. खरी तुलना जिप्समची आणि पुट्टी दिलेल्या सिमेंटच्या भिंतीची आहे. ती केली की डोळ्याला फरक फारसा उरत नाही. उरतो तो दिवसांचा, मजुरीचा आणि कारागिराच्या हाताचा. जिप्सममध्ये वेळ वाचतो हे निर्विवाद खरे आहे. मात्र त्याचा पृष्ठभाग मऊ असतो. पलंगाची कड आपटली तर खड्डा पडतो, आणि जड कपाट टांगायचे तर स्क्रू गिलाव्याच्या पलीकडे विटेत किंवा ब्लॉकमध्ये पोचावा लागतो. म्हणून फिनिशिंग हा जिप्समच्या बाजूने मुद्दा आहे, पण निकाल लावण्याइतका वजनदार नाही.

आता तडे. ‘जिप्सम तडकत नाही’ या विधानात एक शास्त्रीय सत्य दडलेले आहे. वाळू-सिमेंटचा गिलावा वाळताना आकसतो; मोकळा सोडला तर मीटरमागे साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. भिंतीला चिकटलेला असल्यामुळे त्याला मोकळेपणी आकसता येत नाही, म्हणून तो केसासारख्या भेगांच्या जाळीत फुटतो. माल जितका सिमेंटने श्रीमंत तितका तो जास्त आकसतो. तरीही मजबुतीच्या नावाखाली 1:6 पुरेसे असलेल्या आतल्या भिंतीवर 1:3 चा माल मारला जातो. त्यात नाशिकचा एप्रिल-मे म्हणजे कोरडी, तापलेली हवा. सात दिवस पाणी मारायचे ते दोन दिवसांत आटोपते. क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी जास्त असली की माल कालवायला पाणी अधिक लागते आणि आकसणे आणखी वाढते. जिप्सम मात्र घट्ट होताना आकसत नाही, उलट किंचित फुगतो. त्यामुळे ही जाळीदार भेग जिप्समवर सहसा येत नाही. इथपर्यंत जिप्समवाल्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

पण घरातले सगळेच तडे गिलाव्याचे नसतात. एएसी ब्लॉक किंवा राखेच्या विटा स्वतःच वाळताना आकसतात. मीटरमागे अर्धा मिलिमीटर धरला तरी 3.6 मीटर लांबीची भिंत जवळपास पावणेदोन मिलिमीटरने आखडायला बघते. ही ओढ तुळई आणि ब्लॉक यांच्या सांध्यात, कॉलमच्या कडेला आणि खिडकीच्या कोपऱ्यात बाहेर पडते. वर कोणताही गिलावा असो, तो त्या रेषेत फाटणारच. ओळखायचे कसे, हे सोपे आहे. जाळीसारख्या बारीक भेगा दिसल्या तर दोष गिलाव्याचा. तुळईखाली सरळ आडवी रेष दिसली तर दोष सांध्याचा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी रेष निघाली तर त्या कोपऱ्यात ताण एकवटला आहे. बोटाने ठोकल्यावर पोकळ वाजले तर गिलावा भिंतीपासून सुटला आहे. गुळगुळीत काँक्रीटवर चिकटवणारा हात न देता जिप्सम चढवला की हे हमखास होते. सांध्याचा तडा टाळायचा तर ब्लॉकचा शेवटचा थर तुळईखाली काही दिवस थांबून भरणे आणि सांध्यावर जाळी लावणे हाच उपाय आहे. जो विक्रेता जिप्समच्या नावावर ही जाळी वाचवायला सांगतो, तो ग्राहकाला तडाच विकतो.

तिसरा आणि निर्णायक प्रश्न ओलीचा. 25 किलोच्या पोत्यात साधारण 16 लिटर पाणी घालून जिप्सम कालवला जातो. त्याला रासायनिक रीत्या धरून ठेवायला लागते जेमतेम साडेचार-पावणेपाच लिटर. उरलेले अकरा लिटर भिंतीतून बाहेर पडते आणि आपल्या जागी बारीक पोकळ्या सोडून जाते. म्हणजे वाळलेला जिप्समही पाणी शोषणारा असतो. लिटरभर पाण्यात तो दोन ग्रॅमच्या आसपास विरघळतो आणि भिजल्यावर त्याची ताकद जवळपास निम्म्याने उतरते. एकदा भिजून वाळला तर तो बराच सावरतो. वारंवार भिजला तर भुकटी होऊन पोपड्यांनी गळतो. त्यात लोखंडाला गंजापासून वाचवणारा सिमेंटचा क्षारपणाही नसतो, म्हणून साधे खिळे आणि जाळी ओल्या जिप्सममध्ये गंजून तांबूस डाग वर आणतात. पावसाळ्याच्या दमट हवेने मात्र जिप्सम बिघडत नाही. त्याला बिघडवते ते भिंतीत शिरलेले पाणी, आणि खडूवाल्या पक्षाची चूक इथे होते.

त्या पक्षाची दुसरी चूक अधिक गंभीर आहे. सिमेंटचा गिलावा ओल थांबवतो, असे तो समजतो. 12 मिलिमीटरचा आतला गिलावा ओल थांबवत नाही. तो फक्त ओलीत टिकून राहतो. पाणी त्यातूनही येते, सोबत क्षार आणते आणि लोणा फुटून वरची पुट्टी व रंग सुटतात. गच्चीच्या कोब्याला भेग पडली असेल, बाथरूमच्या फरशीखालचे वॉटरप्रूफिंग फसले असेल, तर आतून कोणताही गिलावा लावून ते दुखणे बरे होणार नाही. सिमेंटचा फायदा इतकाच, पण तो मोठा आहे: गळती दुरुस्त झाल्यावर गिलावा जागेवर राहतो, पुट्टी खरवडून रंग देता येतो. जिप्समच्या बाबतीत गिलावाच काढावा लागतो. शिवाय घाईने ओल्या जिप्समवर सिमेंटचा थर मारला तर सल्फेट आणि सिमेंट यांची प्रक्रिया होऊन थर फुगून सुटतो.

हे सारे एका घरात कसे उतरते ते पाहू. पाथर्डी फाट्याच्या बाजूला उभी राहणारी एखादी इमारत आणि तिच्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट समजा. बाहेरच्या भिंती सहा इंची, आतल्या चार इंची. हॉल आणि बेडरूममधली भिंत दोन्ही बाजूंनी कोरडी आहे. तिथे जिप्सम योग्य, फक्त तो फरशीपासून चार इंच वर थांबावा आणि स्कर्टिंगच्या मागे सिमेंटचाच माल असावा, म्हणजे रोज पुसलेल्या फरशीचे पाणी वर चढणार नाही. बाथरूममध्ये सिमेंट हे सगळेच मान्य करतात, पण त्याच भिंतीची बेडरूमकडची बाजू विसरतात. टाइलच्या सांध्यांतून मुरलेले पाणी त्या बाजूला उमटते, म्हणून तिथेही सिमेंटच हवे. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमखालच्या छतालाही तोच न्याय. पश्चिमेची बाहेरची भिंत सर्वांत नाजूक, कारण नाशिकचा पावसाळी वारा त्याच दिशेने झड मारतो. बाहेरचा गिलावा दोन थरांत पूर्ण, खिडकीच्या पट्टीला बाहेर उतार आणि एक पावसाळा कोरडा गेलेला, एवढे असेल तरच आत जिप्सम लावावा. नाहीतर सिमेंट. आणि गोदावरीच्या पूररेषेतल्या सराफ बाजारासारख्या भागात, जिथे ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 मध्ये पुराचे पाणी शिरले, तळमजल्याला जिप्सम लावण्याचा विचारही करू नये.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, मग सगळीकडे सिमेंटच का नको? कारण कोरड्या भिंतीवर सिमेंटची ओलीतली ताकद वापरातच येत नाही; तिथे पदरात पडतात त्या आकसण्याच्या भेगा, सात दिवसांचे पाणी आणि चौरस मीटरमागे जवळपास दुप्पट वजन. दुसरा, एका घरात दोन गिलावे म्हणजे दोन टोळ्या आणि गोंधळ. हा त्रास खरा आहे, पण सीमा खोलीच्या कोपऱ्यात ठेवली तर सांधा दिसत नाही, आणि सिमेंटच्या मोजक्या भिंती आधी उरकून वाळू दिल्या तर टोळ्या एकमेकींच्या पायात येत नाहीत. तिसरा, जिप्समवर लगेच रंग देता येतो, हा फायदा कसा सोडायचा? उन्हाळ्यात आठवडाभरात तो वाळतो, पण जुलैत बाहेर पडायचे ते अकरा लिटर पाणी इतक्या लवकर जात नाही. फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला थेंब जमले तर भिंत ओली आहे आणि रंगाला थांबायला हवे. घट्ट होऊ लागलेला माल पाणी घालून पुन्हा कालवणारा कारागीर आणि पावसाळ्यात गाठी धरलेली पोती, ही दोन्ही तर कोणत्याही ऋतूत साइटवरून परत पाठवावीत.

म्हणून निवाडा असा: दोन्ही बाजूंनी कोरडी असलेली भिंत जिप्समची, पाण्याच्या वाटेत येणारी प्रत्येक भिंत वाळू-सिमेंटची, आणि सांध्यावरची जाळी दोन्हींना सक्तीची. घर घेणाऱ्यांनी करारात ‘जिप्सम गिलावा’ किंवा ‘सिमेंट गिलावा’ असा एक शब्द स्वीकारू नये. नकाशावर प्रत्येक भिंतीच्या दोन्ही बाजूंना कोणता गिलावा येणार हे लिहून घ्यावे आणि त्यावर बांधकाम करणाऱ्याची सही घ्यावी.