हजेरीपटावरून गुपचूप खोडलेले नाव

मुलगा बाकावर बसलेला आहे, आणि मास्तराने त्याला न सांगता त्याचे नाव हजेरीपटावरून खोडले. पुढे तासभर त्याला एकही प्रश्न विचारला नाही, आणि शेवटी ‘तू गैरहजर होतास’ म्हणून दंड केला! अशा मास्तराला आपण काय म्हणू? हाच उद्योग यंत्राने केला, की त्याला ‘सुरक्षितता’ असे गोंडस नाव मिळते. माझे भांडण आहे ते या गोंडस नावाशी.

वाचकहो, ऐन दिवाळीत तुमच्या दारी जेवणाचे पार्सल घेऊन येणाऱ्या पोरांविषयी मी बोलतो आहे. मोबाईल नंबर आणि ओटीपी घालून पोरगा कामावर रुजू झाला, की कंपनीचा सर्व्हर त्याच्या फोनला एक टोकन देतो. टोकन म्हणजे मुदतीचा पास. फोन वरचेवर आपला ठावठिकाणा कळवतो आणि दर वेळी हा पास दाखवतो. मुदत संपली, की ॲपने मागच्या मागे नवा पास मागून घ्यायचा असतो. तो मिळाला नाही, तर सर्व्हर ४०१ या आकड्याने नकार देतो, आणि कामे वाटणारी यंत्रणा त्या पोराला मोकळ्या माणसांच्या यादीतून वगळते. इथवर फारसा कोणाचा अपराध नाही. अपराध पुढे आहे. ॲपने तो नकार गिळून टाकला, तर पडद्यावरचा ‘ऑनलाइन’ हा हिरवा शब्द तसाच राहतो. तो शब्द फोनने जुन्या आठवणीवरून रंगवलेला असतो. सर्व्हरची ताजी साक्ष त्यामागे नसते.

आणि हे घडते केव्हा? बहुधा पोरगा वाट पाहत असताना. फोन स्थिर आहे, पडदा बंद आहे, चार्जर लावलेला नाही, असे दिसले की बॅटरी वाचवण्यासाठी ॲपांना झोपवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून आहे. ॲपला जागे राहण्याची वेगळी परवानगी नसेल, तर त्याचे निरोप थांबतात आणि नवा पास मागायचा राहून जातो. म्हणजे हॉटेलबाहेर गाडी लावून निमूट उभा राहणारा माणूस यंत्राच्या लेखी रिकामटेकडा ठरतो!

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात हे काम करतो. त्याची पाळी संध्याकाळी ६ ते रात्री ११. साडेचार तास हजेरी भरली, तरच त्या दिवसाचा बोनस मिळायचा. एका शनिवारी ७ वाजून ५० मिनिटांनी त्याने एक पार्सल पोचवले आणि तो नेहमीच्या कोपऱ्यावर येऊन थांबला. शेजारच्या तिघांचे फोन वाजत होते, याचा गप्प. पडदा हिरवाच. त्याला वाटले, आज नशीब रुसले. ९ वाजून १० मिनिटांनी त्याने कमाईचे पान उघडले, तेव्हा ॲपने मोबाईल नंबर विचारला. हिशेबात तो ८ वाजताच बाहेर पडलेला होता. पाच तासांतली सत्तर मिनिटे गेली, हजेरी उरली ३ तास ५० मिनिटे, आणि बोनस बुडाला. दाद मागितली, तर उत्तर आले, ‘त्या वेळी आपण लॉगआउट होतात.’ त्याला बाहेर काढले कोणी, हे मात्र कोणी सांगेना.

कंपनीचे म्हणणे मला ठाऊक आहे. फोन चोरीला गेला, किंवा एकाच्या नावावर दुसराच काम करू लागला, तर काय? म्हणून मुदत हवी. हवीच! मुदतीबद्दल माझी तक्रार नाही. मुक्या मुदतीबद्दल आहे. बँकेचे सेशन संपले तर ग्राहकाला फार तर पासवर्ड पुन्हा घालावा लागतो. इथे पोराची भाकरी जाते. आणि बँक निदान पडद्यावर तसे सांगते तरी.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. प्लॅटफॉर्म कामगार हे नाव कायद्यात आले, हे चांगले झाले. पण ती संहिता विमा आणि निधी यांची तरतूद करणारी आहे. वाट पाहण्याच्या मिनिटांचा हिशेब तिच्यात नाही. म्हणून मागणे कंपन्यांकडेच करावे लागते, आणि ते अवघड नाही. पास पाळी संपेपर्यंत चालावा. तो तुटलाच, तर फोन खणखणीत वाजावा आणि सोबत एसेमेस यावा. कोणत्या मिनिटाला आणि कशामुळे बाहेर काढले, याची नोंद पोराला दिसावी. यंत्राने तोडलेली मिनिटे बोनसमधून कापू नयेत.

तोवर या पोरांना माझे सांगणे एवढेच, की हिरव्या रंगावर विश्वास ठेवू नका. शेजाऱ्याचा फोन वाजतो आणि तुमचा वाजत नाही, असे दहा मिनिटे झाले, की कमाईचे पान उघडून ताजे करा. ॲपने नंबर विचारला, तर तो घालण्याआधी घड्याळासकट त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. हजेरी घेणारा गप्प बसत असेल, तर निदान हजर असणाऱ्याने पुरावा राखावा.