नाव सुचवा, पण जरा जपून

ती. आत्या, ती. दादा व सौ. वहिनी, आणि लंडनची चि. भाची,

हे पत्र खरं म्हणजे तुमच्यापुरतंच होतं. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की, ज्यांच्या घरातलं कुणी परदेशी आहे आणि कुणी इथे नवीन काही मांडून बसलं आहे, अशा कितीतरी घरांत आज हाच घोळ चालू असेल. म्हणून ते वर्तमानपत्राकडे धाडलं. घरचं गाऱ्हाणं चव्हाट्यावर मांडल्याबद्दल आत्या रागावतील, पण वाचतील नक्की.

तुम्हाला ठाऊकच आहे की, आपल्या चिपळूणच्या घराच्या तळमजल्यावर, जिथे नानांचं किराणा दुकान होतं, तिथे गुढीपाडव्यापासून आपण हॉटेल सुरू केलं. टेबलं नऊ. पदार्थ सगळे घरचे: तिरफळं घातलेला बांगडा, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी. स्वयंपाकघर तुमच्या धाकट्या सूनबाईच्या हाती, गल्ला नानांच्या हाती आणि बाकीची पळापळ माझ्या नशिबी. धंदा वाईट नाही. फक्त पाटीची जागा अजून रिकामी आहे. कागदोपत्री काहीतरी लिहावं लागतं म्हणून आपलं आडनाव आणि पुढे 'भोजनालय' असं लिहून मोकळा झालो. पण ते तात्पुरतं. पुढे नाव बदललं की अन्न परवाना, दुकानाची नोंद, बँकेचं खातं, सगळीकडे पुन्हा अर्ज. म्हणजे आता जे ठेवू ते कायमचं.

पहिल्या पत्रात मी 'नावं सुचवा' एवढंच लिहिलं आणि तुमच्याकडून एकवीस नावं आली. ती मी वहीत उतरवून काढली आणि रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही एकेक वाचत बसलो. तेव्हा कळलं की चूक माझीच होती. नावाला काय काय सोसावं लागतं, ते मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. ते आज सांगतो.

पहिली गोष्ट पाटीची. बहादूरशेख नाक्याकडून बाजारात येणारी गाडी आपल्या रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने धावते, म्हणजे एका सेकंदात आठ मीटरहून थोडं जास्त. समोर विजेचा खांब आहे, त्यामुळे पाटी दिसते ती पंचवीस मीटरांवरून. याचा अर्थ गाडीतल्या माणसाच्या हातात तीन सेकंद. तेवढ्यात त्याला नाव वाचायचं, बायकोला विचारायचं आणि गाडी बाजूला घ्यायची आहे. आमच्या पेंटरचा हिशेब असा की, दहा फुटांवरून नीट वाचायला एक इंच उंचीचं अक्षर लागतं. पंचवीस मीटर म्हणजे ब्याऐंशी फूट, तेव्हा अक्षर आठ इंचांचं हवं. वर वेलांटी, मात्रा आणि खाली उकार धरले की एकेक ओळ फूटभर जागा खाते. पाटीची उंची तीन फूट. त्यात खाली 'घरगुती कोकणी जेवण' ही ओळ हवीच. म्हणून नाव एका ओळीचं, दोन शब्दांच्या आतलं. वहिनी, तुम्ही सुचवलेलं 'आठवणींच्या अंगणातील चुलीवरचे चार घास' वाचून होईपर्यंत गिऱ्हाईक बरंच पुढे निघून जाईल.

इंग्रजीतही लिहा, असं दादा म्हणतो. लिहू. पण महाराष्ट्रात पाटी मराठीत, देवनागरी लिपीत लागते आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांहून लहान चालत नाहीत. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या आपल्यासारख्या छोट्या दुकानांनाही तो नियम लागू झाला. तेव्हा नाव आधी मराठीत शोभलं पाहिजे, इंग्रजी मागून. त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट झाली. जिथे दारू मिळते त्या ठिकाणाला थोर पुरुषांचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव देता येत नाही. आपल्याकडे सोलकढीपेक्षा कडक काही मिळत नाही, पण उद्या पुढच्या पिढीने परवाना काढायचं ठरवलं तर? म्हणून दादाने सुचवलेली किल्ल्यांची तिन्ही नावं बाजूला ठेवली.

दुसरी गोष्ट कानाची. दिवसातून तीस-चाळीस वेळा फोन वाजतो आणि वाढपी पोरगा एका हातात ताट धरून दुसऱ्या हाताने तो उचलतो. त्याला नाव एका दमात म्हणता आलं पाहिजे आणि पलीकडच्याला एका फटक्यात कळलं पाहिजे. आम्ही घरीच परीक्षा घेतली. मी माडीवरून फोन केला आणि खालून त्या पोराने एकेक नाव म्हटलं. 'ऋणानुबंध' हे वहिनींचं लाडकं नाव त्याने तीन वेळा तीन प्रकारे म्हटलं. शिवाय नाना म्हणाले, "पाटीवरच ऋण लिहिलंत तर उधारीवाले रांग लावतील." हे नाव का सुचलं, ते मला कळतं वहिनी. पुरानंतर तुम्ही जे पाठवलंत ते या घराच्या विटाविटांत आहे. पण ते पाटीवर नको, मनातच असू दे.

भाचीबाई, तुझं 'माजघर' आम्हाला फार आवडलं. पण मोबाईलच्या नकाशात लोक इंग्रजी अक्षरांत शोधतात. 'माजघर' लिहायला सांगितल्यावर चार पाहुण्यांनी तीन वेगवेगळी स्पेलिंगं केली. 'चूल'चंही तेच. ज्या नावात ळ, ण किंवा दीर्घ-ऱ्हस्वाचा घोटाळा आहे, ते नकाशात हरवतं. तुला एक काम सांगतो. नाव सुचवशील तेव्हा तुझ्या मराठी न येणाऱ्या मैत्रिणीला ते नुसतं ऐकव आणि लिहायला सांग. दोघींनी एकसारखं लिहिलं तरच पाठव.

तिसरी गोष्ट हक्काची. आत्यांचं 'कोकण किचन' सुटसुटीत आहे, चटकन कळतं. पण जे नाव केवळ प्रदेश आणि पदार्थ सांगतं, त्याच्यावर एकट्याचा हक्क सांगणं फार कठीण. ट्रेडमार्कच्या कायद्यात निव्वळ वर्णन करणाऱ्या नावाची नोंद सहसा होत नाही. उद्या समोरच्या गल्लीत 'न्यू कोकण किचन' निघालं तर आपण हात चोळत बसायचं. उलट, वेगळं नाव असेल तर त्रेचाळीसाव्या वर्गात, म्हणजे खाण्यापिण्याच्या सेवेच्या वर्गात, ते नोंदवता येतं. एका माणसाने ऑनलाइन अर्ज केला तर फी साडेचार हजार रुपये, आणि नोंद दहा वर्षं टिकते, मग पुन्हा वाढवता येते. अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. शोध नुसत्या स्पेलिंगचा घेऊन भागत नाही, सारख्या उच्चाराचाही घ्यावा लागतो. आणि नोंद नसली तरी जो आधीपासून ते नाव वापरतो आहे त्याचा हक्क राहतो. म्हणून मी पंचक्रोशीतल्या पाट्याही वाचत हिंडलो. तुमच्या एकवीस नावांपैकी सहा इथेच बाद झाली.

मग आडनावच का नको, असं दादा विचारतो. स्वतःचं आडनाव प्रामाणिकपणे वापरायला कायदा आडवा येत नाही. आड येतं ते गिऱ्हाईक. आपल्याकडे माणसं आडनाव वाचून ताटात काय असेल ते ठरवतात. पहिल्या महिन्यात दारावर तो तात्पुरता कागद चिकटवला होता, तेव्हा दोन कुटुंबं "इथे मासे मिळत नसतील" असं म्हणत पायरीवरून परत गेली. स्वयंपाकघरात तेव्हा बांगडे तळत होते. नानांना हे ऐकून हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं. ज्या नावामुळे आत यायच्या आधीच माणसाची जात आणि ताट ठरतं, ते नाव जेवणाच्या दारावर नको, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

राहिलं आईचं नाव. तुम्ही तिघांनीही, एकमेकांना न विचारता, तेच यादीत पहिलं लिहिलंत. वहीत ते तीनदा उतरवताना माझा हात थांबला. तरी मी नाही म्हणतो आहे, त्याचं कारण नीट ऐका. हॉटेलचं नाव फक्त पाटीवर राहत नाही. ते बिलावर, पार्सलच्या पिशवीवर, हात पुसायच्या कागदावर येतं. आमच्या पार्सलच्या पिशव्या मी गटारात पाहिल्या आहेत. एखाद्या दिवशी आमटी खारट होते आणि गिऱ्हाईक नाव घेऊन चार शब्द बोलतं, त्याचा तो हक्क आहे. ते आईच्या नावाने ऐकायची माझी तयारी नाही. तुम्ही ती पिशवी पाहणार नाही, मी रोज पाहणार. दूर असलेल्या माणसाला नाव म्हणजे आठवण असते. इथे असलेल्याला ते रोज वापरायचं भांडं असतं. भांडं घासायला सोपं हवं. आईचा फोटो गल्ल्यामागे आहे, तिथे तिला रोज ताजं फूल मिळतं.

आता खरी अडचण सांगतो. आपल्याला नाव मिळालेलं आहे, पण ते आपण ठेवलेलं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं, ते दाराच्या वरच्या चौकटीला लागलं. तुमचे फोन लागत नव्हते आणि आम्ही माडीवर अंधारात बसून होतो. पाणी उतरल्यावर नानांनी भिंतीवर त्या पातळीला तांबडी रेघ ओढली. नवीन रंग दिला तेव्हाही ती पुसू दिली नाही. आता रिक्षावाले गिऱ्हाइकाला सांगतात, "रेघेवाल्यांकडे जेवा." 'रेघ' हे नाव मी सगळ्या कसोट्यांवर लावून पाहिलं. दोन अक्षरं. फोनवर कळतं. चारही पाहुण्यांनी एकच स्पेलिंग केलं. ना प्रदेश, ना पदार्थ, ना जात.

आणि तरीही रात्री झोप येत नाही. त्या पुरात या गावात माणसं गेली. ज्याच्या घरातलं कुणी गेलं, तो आमच्या दारावरून जाताना ती पाटी वाचेल. पाण्याची खूण दाखवून आम्ही मासळीचं ताट विकतो, असं त्याला वाटलं तर? नाना म्हणतात, रेघ पाण्याची नाही, त्यानंतर आपण उभे राहिलो त्याची आहे. बायको म्हणते, हे आपण म्हणायचं नसतं, गावाने म्हणायचं असतं. मला दोघांचंही पटतं. म्हणून शेजारच्या ज्या घरात त्या दिवशी दुःख झालं, त्यांना मी स्वतः जाऊन विचारणार आहे. त्यांनी मान हलवली तरच हे नाव विचारात घ्यायचं.

तोवर तुम्ही प्रत्येकी दोनच नावं पाठवा, आणि वरच्या कसोट्या लावून पाठवा. पेंटर गणपतीच्या आधी आठ दिवस येणार आहे, तेव्हा त्यापूर्वी कळवा. कुणाचं नाव निवडलं नाही तर रुसू नका. पुढच्या सुट्टीत आलात की पाटीकडे न बघता सरळ आत या. तुमच्यासाठी भिंतीलगतचं, रेघेखालचं टेबल ठेवतो.

तुमचा,
धाकटा