भाडं तेच, मुक्काम लांब

ताथवड्यात दोन सीझन असतात. एक पावसाचा, आणि दुसरा टेम्पोत गाद्या भरण्याचा. जूनच्या आसपास हे दोन्ही एकदम येतात. इंजिनीअरिंग-एमबीएवाली नवी बॅच उतरते, हिंजवडीतल्या कंपन्यांची अप्रेझल्स होऊन गेलेली असतात, आणि हायवेच्या अलीकडे-पलीकडे प्रत्येक सोसायटीच्या गेटवर एक तरी फ्रिज आडवा पडलेला दिसतो. या दिवसांत घरमालकाचा फोन आला की पोटात गोळाच येतो. ‘किती वाढवताय काका?’ एवढाच प्रश्न उरतो.

यंदा आमच्या काकांनी मात्र गुगली टाकली. ते निगडीला प्राधिकरणात राहतात, आणि त्यांचा ताथवड्यातला टू बीएचके मी आणि माझी रूममेट मिळून चालवतो. “तुम्ही पोरी भाडं पाच तारखेच्या आत देता, कुणाची कटकट नाही. मला वाढ नको. सव्वीस हजारच राहू दे. पण अकरा महिन्यांचं नको, सरळ दोन वर्षांचं करून टाकू.” रूममेट तर उडीच मारणार होती. मी फ्रीलान्सर, फुकट काही मिळालं की आधी संशय येतो. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसले.

पहिला प्रश्न, काका एवढे उदार का झाले? उत्तर सोपं आहे, आणि त्यात उदारपणा नाही. भाडेकरू बदलला की मालकाला झळ बसते. आमच्या बाबतीत हिशेब असा: फ्लॅट एक महिना रिकामा राहिला तर २६ हजार गेले. एजंटला मालकाच्या बाजूने अर्ध्या महिन्याची दलाली, म्हणजे १३ हजार. रंग आणि साफसफाईला मागच्या वेळी त्यांचे १८ हजार गेले होते. एकूण ५७ हजार. आता दुसरी बाजू. दर वर्षी पाच टक्के वाढ धरली, तर पहिल्या वर्षी भाडं २७,३०० झालं असतं आणि दुसऱ्या वर्षी २८,६६५. भाडं तेच ठेवल्यामुळे काका पहिल्या वर्षी १५,६०० आणि दुसऱ्या वर्षी ३१,९८० रुपये सोडतात. म्हणजे दोन वर्षांत साधारण साडेसत्तेचाळीस हजार. एक भाडेकरू बदलण्याच्या खर्चापेक्षा हे कमीच!

गंमत बघा, तीन वर्षांचं केलं तर हे गणित उलटतं. तिसऱ्या वर्षी आणखी ४९ हजार सोडावे लागतील आणि एकूण आकडा ९७ हजारांच्या घरात जाईल. म्हणून कुणी मालक तीन-चार वर्षं भाडं जराही न वाढवण्याची ऑफर देत असेल, तर वजाबाकी दुसरीकडे कुठे भरून काढली आहे का ते शोधा. सगळ्यात सोपी जागा म्हणजे मेन्टेनन्स. आजवर मालक भरत असलेले महिन्याचे तीन हजार हळूच ‘भाडेकरूने भरावेत’ या ओळीत गेले, की भाडं ‘तेच’ राहूनही तुमचा खर्च अकरा टक्क्यांहून जास्त वाढला. दुसरी जागा डिपॉझिट. जुना आणि नवा करार शेजारी ठेवून या दोन ओळी आधी वाचा.

आमच्या करारात हे दोन्ही जसंच्या तसं होतं. मग मी शेवटच्या पानांवर गेले. खरी स्टोरी तिथेच असते.

एजंटकडचा जो छापील मसुदा सगळीकडे फिरतो, त्यात बहुतेक वेळा एक वाक्य असतं: दोघांपैकी कुणीही एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवू शकतो. हे वाक्य तसंच राहिलं तर वरती २४ महिने लिहा नाहीतर ६० लिहा, कराराचं खरं आयुष्य एक महिनाच! शेजारच्या फ्लॅटला बत्तीस हजार मिळतायत हे काकांना कळलं, की नोटीस काढायला ते मोकळे. काही मसुद्यांत याच्या उलट असतं. ‘लॉक-इन’ अठरा महिन्यांचं, पण फक्त भाडेकरूला. मालक कधीही बाहेर काढू शकतो आणि तुम्ही मात्र अडकलेले. तुमची कंपनी तुम्हाला बंगळूरला पाठवणार असेल, तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागितलं जाईल. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते, कोर्ट त्याच्या आतली वाजवी भरपाईच देतं. पण पाऊण लाखाच्या डिपॉझिटसाठी कोर्टात कोण जातं? पैसे त्यांच्या खिशात असतात, म्हणून डाव त्यांच्या हातात असतो.

मग ‘लॉक-इन दोघांनाही सारखं’ असं लिहिलं की झालं? इथे आपल्या कराराचं नाव नीट वाचायला हवं. ‘लिव्ह अँड लायसन्स’. आपण रूढ अर्थाने ‘भाडेकरू’ नसतो. मालकाच्या जागेत ठरलेले दिवस राहायची परवानगी आपल्याला असते, जागेत हक्क तयार होत नाही. ही परवानगी १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याखाली येते, आणि त्यातलं कलम ५९ ताथवड्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. मालकाने जागा विकली, तर नवा मालक त्या परवानगीला आपोआप बांधील नसतो. इथले कितीतरी फ्लॅट गुंतवणूक म्हणूनच घेतलेले आहेत. चांगलं गिऱ्हाईक आलं की विकणार, हे गृहीत धरा. तेव्हा तुमचं दोन वर्षांचं लॉक-इन जुन्या मालकाबरोबर दारातून बाहेर जाईल.

याच कायद्याचं कलम ६४ थोडा दिलासा देतं. पैसे घेऊन दिलेली परवानगी मालकाने तुमची चूक नसताना मध्येच मोडली, तर भरपाई मागता येते. लक्षात घ्या, पैसे मिळतात, घर मिळत नाही. म्हणून लांब मुदतीच्या करारात ‘मला काढू नका’ असं लिहून फारसा उपयोग नाही. ‘काढलंत तर किती द्याल’ हे आकड्यात लिहून घ्यायचं असतं.

आकडा कसा ठरवायचा? आम्ही काकांसमोर तोच ५७ हजारांचा कागद ठेवला. दोन महिन्यांची नोटीस मिळाली तर फ्लॅट रिकामा राहायचं कारण उरत नाही, तेवढ्यात दुसरं कुणी सापडतं. मग खरा खर्च उरतो दलाली आणि रंगाचा, ३१ हजार. म्हणजे जवळपास एका महिन्याचं भाडं. तर वाक्य असं झालं: चोवीस महिन्यांच्या आत कुणालाही बाहेर पडायचं असेल तर दोन महिन्यांची नोटीस आणि वर एका महिन्याचं भाडं. जी किंमत आमच्यासाठी, तीच त्यांच्यासाठी. फ्लॅट विकला तरी तीच, आणि डिपॉझिट चावी देण्याच्या दिवशी परत. अपवाद एकच: आम्ही सलग दोन महिने भाडं थकवलं तर ते पंधरा दिवसांत जागा रिकामी करून मागू शकतात. रंगाचे आमच्याकडून वेगळे कापायचे नाहीत, कारण ते या एका महिन्यात धरलेत.

काका जरा गप्प झाले. मग म्हणाले, “अगं, मी कशाला विकतोय?” मी म्हटलं, “मग लिहायला काय हरकत आहे काका?” हसले आणि तयार झाले. खरं सांगायचं तर नाही म्हणाले असते तरी माहिती मिळालीच असती. विक्रीच्या कलमावर जो मालक अडतो, त्याच्या डोक्यात विक्री असण्याची शक्यता बरीच.

आता रजिस्ट्रेशन. ‘अकरा महिन्यांचं केलं की नोंदणी लागत नाही’ ही दंतकथा अजून जिवंत आहे. ती १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सन २००० पासून लागू आहे, आणि त्यानुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. उलट लांब करार स्वस्त पडतो. स्टॅम्प ड्यूटी म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून येणारी रक्कम, या बेरजेच्या पाव टक्का. २६ हजार भाडं, ७५ हजार डिपॉझिट आणि २४ महिने, तर साधारण १,६०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार केले तर फी दोनदा, आणि एजंटचा हातखर्चही दोनदा.

आणि हो, ‘भाडं तेच’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं म्हणून निवांत होऊ नका. जुन्या कराराची तारीख उलटून गेली आणि नवा नोंदवला नाही, तर कागदावर तुम्ही मुदत संपून राहिलेले ठरता. त्याच कायद्याच्या कलम २४ खाली मालक ताबा मागू शकतो आणि राहिलेल्या दिवसांचं दुप्पट शुल्कही. काका असं करणार नाहीत, पण काकांच्या फ्लॅटचा उद्याचा मालक कोण, हे काकांनाही माहीत नाही. आम्ही जुना करार संपायच्या दहा दिवस आधी अंगठे दिले.

दोन वर्षांत आमचे साडेसत्तेचाळीस हजार वाचतील. सहा महिन्यांतच माझ्या रूममेटचं लग्न ठरलं आणि आम्ही निघालो, तर वाचलेले ७,८०० आणि द्यायचे २६ हजार. म्हणजे तोटा. दीड वर्ष टिकलो तर वाचलेले असतील एकतीस हजारांवर, आणि मग दंड भरूनही आम्ही पुढेच. तेव्हा तुमच्या मालकाने अशी ऑफर दिली, तर ‘किती वाचेल’ याआधी रूममेटला एक प्रश्न विचारा: पुढचं दीड वर्ष तू नक्की इथेच आहेस ना?