पुढे पाहणारे संशोधन, मागे पाहणारे संशोधन

‘अमुक सवयीने तमुक आजार होतो’ अशी बातमी वाचताना आपल्या मनात एक प्रश्न यावयास हवा: ही माहिती कधी नोंदवलेली होती? या प्रश्नाचे महत्त्व ब्रिटिश वैद्यकसंशोधक रिचर्ड डॉल यांच्या दोन अभ्यासांवरून स्पष्ट होते.

पहिला अभ्यास १९५१ साली सुरू झाला. डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी विचारल्या. चौतीस हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांची उत्तरे नोंदवून ठेवली आणि पुढे कोण कशाने मृत्यू पावतो, याची वाट पाहिली. हा भविष्यलक्षी समूह अभ्यास. येथे सवयीची नोंद आधी होते आणि आजार नंतर येतो. त्यामुळे आजारपणाने आठवणीला वेगळा रंग चढण्याचा धोका राहत नाही. मात्र हा अभ्यास पन्नास वर्षे चालला. इतका काळ माणसांचा मागोवा ठेवणे खर्चिक असते, आणि जे मध्येच सुटतात त्यांच्यामुळे निष्कर्ष एकीकडे झुकू शकतो.

आता प्रश्न ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा. असा संपर्क सर्वसामान्यांत विरळा. हजारो घरे पालथी घातली तरी अशी मोजकीच माणसे सापडतील. शिवाय कर्करोग उद्भवण्यास वीस-वीस वर्षे लागतात. म्हणून डॉल यांनी कापडासारखे विणकाम करणाऱ्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्याच्या जुन्या नोंदींचा आधार घेतला. धुळीत किमान वीस वर्षे काम केलेले ११३ कामगार निवडून त्यांच्या मृत्यूची कारणे पाहिली. देशातील पुरुषांच्या मृत्युदरानुसार त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने एकही मृत्यू जेमतेम अपेक्षित होता, गणिताने ०.८, प्रत्यक्षात झाले ११. हा निष्कर्ष १९५५ साली प्रसिद्ध झाला. हा पूर्वलक्षी समूह अभ्यास: काळ आधीच सरलेला, म्हणून वेळ व खर्च दोन्ही थोडे.

परंतु मागे पाहणाऱ्याला जे लिहिलेले असेल तेवढेच मिळते. कारखान्याची हजेरीवही कोण किती वर्षे कामावर होता हे सांगते. तो बिडी-सिगारेट किती ओढत होता हे सहसा सांगत नाही. येथे तुलना ज्या देशबांधवांशी केली त्यांच्यातही धूम्रपान सर्रास होते, म्हणून एवढी मोठी तफावत केवळ त्याने उलगडत नाही. तफावत थोडी असती, तर मात्र शंका राहिली असती.

तेव्हा वाचकहो, दुर्मीळ संपर्काविषयीचा पूर्वलक्षी अभ्यास कमी प्रतीचा समजू नये. पण त्यात कोणती गोष्ट नोंदलेली नव्हती, आणि दिसलेला फरक तिच्यापेक्षा मोठा आहे का, हे अवश्य पाहावे.