मंगलकार्य : पाच मिनिटांची लग्नफिल्म

लग्नाचे चित्रीकरण दिवसभर चालते. पण घरात पुन्हा पुन्हा पाहिली जाते ती चार-पाच मिनिटांची हायलाइट फिल्म. पुष्कळदा तीत ड्रोनची दृश्ये, पोशाख आणि गाणे असते. घरच्या माणसांचा आवाज मात्र नसतो.

एका किराणा व्यापारी कुटुंबाने नातीच्या लग्नात ही उणीव टाळली. लग्नाच्या पाच दिवस आधी, दुपारच्या निवांत वेळी, आजींची मुलाखत घेण्यात आली. पंखा बंद केला, आजींना खिडकीसमोर बसवले आणि पदर घासणार नाही अशा जागी छोटा माइक लावला. आत्याने विचारले, “नातीचे लग्न ठरले, आनंद झाला ना?” आजी म्हणाल्या, “हो, झाला.” हे उत्तर निरुपयोगी ठरले, कारण फिल्ममध्ये प्रश्न कापला जातो आणि उत्तराला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते. मग प्रश्न बदलले :

१. हे स्थळ आल्याचे तुम्हाला कोणी सांगितले? तेव्हा तुम्ही काय करीत होता?
२. तुमच्या स्वतःच्या विदायच्या दिवशी काय घडले होते?
३. या घरातील कोणती गोष्ट नातीने सोबत न्यावी?

दुसऱ्या प्रश्नावर आजी क्षणभर थांबल्या. आत्या मध्ये बोलली नाही. त्या शांततेनंतर, वडिलांनी जाताना हातात ठेवलेल्या नवकारवालीची हकिकत आली. घरात ती कोणालाही ठाऊक नव्हती.

त्यावरून आराखडा ठरला. पहिल्या मिनिटात मेंदी व तोरणाच्या दृश्यांवर आजींचा आवाज, दुसऱ्यात जिनालयदर्शन व वरात, पुढची दोन मिनिटे हस्तमेळाप व फेरे, विधिकारांच्या मूळ स्वरासह, शेवटी विदाय.

छायाचित्रकाराच्या हाती दिलेली यादीही लहानच होती. पुन्हा घडणार नाहीत, असेच क्षण तीत होते :

• जिनालय : विश्वस्तांची परवानगी आधी घ्यावी, ती नसल्यास पायऱ्यांवरील दृश्यच घ्यावे.
• हस्तमेळाप : पाहुणे पुढे येऊन हात झाकतात; म्हणून एक कॅमेरा मंडपाच्या बाजूने, स्टँडवर स्थिर ठेवावा. वेळ विधिकारांना आधीच विचारून घ्यावी.
• फेरे : एक कॅमेरा वधूवरांवर, दुसरा दोन्हीकडच्या आईवडिलांवर.
• चौविहारामुळे भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपते. त्याच सुमारास विदाय असल्यास उजेड झपाट्याने उतरतो. कॅमेऱ्याची मांडणी आधीच बदलावी.
• विदाय : वडिलांच्या कुर्त्याला माइक, संगीत बंद.

आवाज नीट आला की नाही, हे हेडफोन लावून त्याच जागी ऐकावे, कारण पडद्यावर चित्र स्वच्छ दिसले तरी माइक बंद असू शकतो. त्याच रात्री सर्व चित्रीकरणाच्या दोन प्रती निरनिराळ्या डिस्कवर कराव्यात.

तयार फिल्म नातीने सासरी पाहिली. आजींनी निघताना तिच्या पर्समध्ये ठेवलेली नवकारवाली कोणाची, हे तिला तेव्हा कळले.